चित्रात शीर्षक, यादी आणि तक्ता एकत्र असेल तर: साधा मजकूर, मार्कडाउन की सीएसव्ही?

चित्रातला मजकूर काढायला बसलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘मार्कडाउन घ्या, छान दिसतं.’ दुसरा, ‘तक्ता आहे ना, मग सीएसव्ही.’ दोन्ही सल्ले देणाऱ्याने ती फाइल पुढे कोण वापरणार हे विचारलेलं नसतं. मिश्र पानाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

उदाहरणाला एक पान घेऊ. वर ‘पंपाची देखभाल’ असं शीर्षक, त्याखाली 1, 2 आणि 4 अशा क्रमांकांच्या सूचना (तिसरी छापताना वगळलेली), आणि तळाशी सुट्या भागांचा तक्ता: गट, भाग क्र., भाग, मापे आणि नग असे पाच रकाने. तक्त्यात ‘सील’ हा शब्द दोन ओळींना मिळून एकाच घरात लिहिलेला, आणि काही घरं रिकामी.

१. वापर ठरवा. पानातला एखादा शब्द नंतर शोधता यावा एवढंच हवं असेल तर साधा मजकूर घ्या आणि पुढचं वाचायची तसदी घेऊ नका. माणसं वाचणार असतील तर मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी शीर्षक, यादी, तक्ता दाखवणारा मजकूर. तक्त्यातल्या आकड्यांची बेरीज, गाळणी, क्रमवारी करायची असेल तर सीएसव्ही, पण फक्त तक्त्यापुरती. शीर्षक आणि सूचनाही त्याच सीएसव्हीत कोंबायच्या नाहीत. सीएसव्ही म्हणजे प्रत्येक ओळीत सारखेच रकाने असलेली एक चौकट. वरच्या चार ओळींत एकच रकाना आणि खाली पाच, असं झालं की काही साधनं फाइल वाचायला नकार देतात, तर काही शीर्षकालाच रकान्याचं नाव समजतात.

आपल्या पानाला दोन फायली लागतील: सगळ्या पानाची मार्कडाउन आणि तक्त्याची वेगळी सीएसव्ही.

२. शीर्षक आणि यादी. शीर्षकाआधी `#` आणि एक मोकळी जागा द्या, झालं. यादीत मात्र एक खोच आहे. मार्कडाउन यादीतला फक्त पहिला आकडा पाहतं, पुढचे स्वतः मोजतं. तुम्ही 1, 2, 4 लिहिलंत तरी वाचणाऱ्याला 1, 2, 3 दिसेल, आणि ‘सूचना 4 पाहा’ असा उल्लेख दुसरीकडे असेल तर तो हवेत राहील. मूळ क्रमांकाला अर्थ असेल तर टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्या: `4\.` असं लिहिलं की तो आकडा साधा मजकूर राहतो. अशा ओळी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये रिकामी ओळ सोडा. देवनागरी आकड्यांनी लिहिलेल्या ‘४.’ला मार्कडाउन यादी मानतच नाही, त्यामुळे तिथे तिरकी रेघ लागत नाही. रिकामी ओळ मात्र लागतेच.

३. तक्ता. खरं काम इथे आहे. मलाही सुरुवातीला याच टप्प्याने रडवलं होतं. अडचण अक्षरं चुकीची वाचली जाण्याची नसते. अक्षरं बरोबर येतात, पण रिकामी घरं गायब होतात. साध्या मजकुरात आपली एक ओळ अशी येते:

```
0048 गास्केट 2
```

हे 2 म्हणजे माप की नग? ओळ वाचून कळणार नाही. मापाचं घर रिकामं होतं ही माहितीच उरलेली नाही. म्हणून ज्या तक्त्यात एक जरी रिकामं घर आहे, तो साध्या मजकुरात ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे.

मार्कडाउनमध्ये हीच चूक जास्त धोकादायक होते, कारण ती नीटनेटकी दिसते. तिथे ओळीत घर कमी पडलं तर शेवटी रिकामं घर आपोआप भरलं जातं. 2 एक घर डावीकडे सरकून मापाखाली बसतो आणि तक्ता चौकटीत सुबक दिसत राहतो. गिटहबच्या पद्धतीत उलटंही होतं: शीर्षकओळीपेक्षा घरं जास्त झाली तर जादाची घरं दाखवलीच जात नाहीत, इशाराही मिळत नाही. म्हणून तक्ता मार्कडाउनमध्ये हवा असला तरी मी तो आधी सीएसव्हीत उतरवतो, तपासतो आणि मगच मार्कडाउन करतो.

तो 2 कुठला हे ठरवायला डोळे पुरे आहेत, पण पानं बरीच असतील तर शब्दांच्या जागा मागवा. चित्रातला मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टमध्ये:

```
tesseract pan.png pan -l mar+eng --psm 6 tsv
```

`pan.tsv` मध्ये प्रत्येक शब्दापुढे `left` आणि `width` मिळतात. `left` मध्ये `width` चा अर्धा मिळवला की शब्दाचा मध्य. समजा ‘मापे’ या शीर्षकाचा मध्य 660 वर, ‘नग’चा 920 वर आणि आपला 2 आहे 915 वर, म्हणजे तो नग. मध्यच ताडून पाहा, डावी कड नको, कारण आकडे बऱ्याचदा उजवीकडे टेकवून छापलेले असतात.

आता जोडलेलं घर. ‘सील’ दोन ओळींना लागू आहे, पण यंत्राला तो एकाच ओळीत दिसतो. सीएसव्हीत तो प्रत्येक ओळीत पुन्हा लिहा, नाहीतर क्रमवारी बदलताच गास्केट कुठल्या गटातलं हे कोणालाच सांगता येणार नाही. मात्र खरोखर रिकामं असलेलं घर रिकामंच ठेवा. तिथे शून्य किंवा डॅश भरणारे लोक पुढच्याचा हिशेब बिघडवतात.

```
गट,भाग क्र.,भाग,मापे,नग
सील,0047,ओ-रिंग,"12, 14, 16",6
सील,0048,गास्केट,,2
बेअरिंग,0112,बॉल बेअरिंग,25,
```

पहिल्या भागाची मापं अवतरणात आहेत ते आतल्या स्वल्पविरामांमुळे. आत अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. शेवटच्या ओळीतला लोंबणारा स्वल्पविराम चुकून राहिलेला नाही. बेअरिंगच्या नगांचं घर रिकामं आहे, ते तो सांगतो. तो ‘साफ’ करू नका.

४. मोजा. प्रत्येक ओळीत किती घरं आली ते पाहा:

```
import csv
f = open("bhag.csv", encoding="utf-8-sig", newline="")
for n, r in enumerate(csv.reader(f), 1):
    print(n, len(r))
```

सगळीकडे 5 यायला हवेत. 7 आले तर अवतरण राहिलंय, 4 आले तर रिकामं घर गळलंय. सरकलेला आकडा मात्र या मोजणीत सापडत नाही. गास्केटच्या ओळीत `2,` आणि `,2` दोन्हीकडे घरं पाचच भरतात. रिकाम्या घरांच्या ओळी चित्राशी पुन्हा ताडाव्याच लागतात.

आणि ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. `0047` चं 47 होतं, एखाद्या घरात `3-4` असेल तर त्याची तारीख होते, आणि तसंच सेव्ह केलं की मूळ गेलं. डेटा आयातीच्या मार्गाने उघडा आणि भाग क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ ठरवा. देवनागरीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

५. जोडा. मार्कडाउन फायलीत तक्त्याच्या जागी सीएसव्हीचं नाव लिहा. तक्ता तिथेही दिसायला हवा असेल तर तपासलेल्या सीएसव्हीवरूनच बनवा. घरात उभी रेघ असेल तर `\|` लिहा. दोन पातळ्यांची शीर्षकं किंवा घरात बुलेट असलेला तक्ता मार्कडाउनमध्ये बसत नाही, कारण तिथे घरं जोडता येत नाहीत आणि घरात यादीही लिहिता येत नाही. अशा वेळी तक्त्याचं चित्र कापून तिथे लावा आणि आकडे सीएसव्हीत ठेवा.