पट्टीवरची गोळी: मोटार चालू करण्याआधीची तयारी

कलत्या पट्टीवर पोलादी गोळी मधोमध थोपवून धरायची आहे. गोळी कुठे आहे हे कॅमेरा सेकंदाला ३० वेळा सांगतो, तर पट्टी कलवणारी मोटार सेकंदाला १००० वेळा आज्ञा घेते. म्हणजे दोन फ्रेमच्या मधले तेहतीस-चौतीस निर्णय गोळी न पाहताच घ्यावे लागतात. शेवटची दिसलेली जागाच धरून बसलं तर काय होईल, हे आधी कागदावर मांडा. गोळी सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने चालली असेल, तर पुढची फ्रेम येईपर्यंत ती १ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. वेगाची गत याहून वाईट. दर मिलिसेकंदाला आताच्या जागेतून मागची जागा वजा केली, तर बत्तीस वेळा शून्य येतं आणि मग एकदम सेकंदाला १० मीटर! मोटार खडखडते ती याने.

पहिलं काम कॅमेऱ्याचं. प्रकाश कमी झाला की बरेच वेबकॅम एक्स्पोजर आपोआप वाढवतात आणि ३०च्या १५ फ्रेम करून टाकतात, म्हणून एक्स्पोजर हाताने बांधून ठेवा. आपल्याकडे विजेचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा १० मिलिसेकंद सोयीचे. लिनक्सवर ते असं करता येतं (जुन्या कर्नलवर नावं वेगळी असतात, ती `v4l2-ctl -l` दाखवतं):

```
v4l2-ctl -c auto_exposure=1
v4l2-ctl -c exposure_time_absolute=100
```

त्यानंतर उशीर मोजा, आणि इथे घाई करू नका. फ्रेम हातात येते तेव्हा त्यातलं दृश्य शिळं झालेलं असतं. कॅमेऱ्यासमोर एलईडी ठेवा, मोटारीच्याच घड्याळावर तो अनियमित क्षणी दोनशे वेळा लावा, आणि एलईडी लागल्यापासून तो दाखवणारी फ्रेम हातात येईपर्यंतचा वेळ दर वेळी टिपा. या वेळांपैकी सर्वांत लहान वेळ म्हणजे जवळजवळ निव्वळ उशीर. तो ६० मिलिसेकंद निघाला असं धरू. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वेळेतला फरक एका फ्रेमच्या ३३ मिलिसेकंदांहून बराच जास्त असेल, तर जुन्या फ्रेम रांगेत साठत असाव्यात. फ्रेम वाचण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर द्या आणि फक्त ताजी फ्रेम ठेवा.

दोन फ्रेमच्या मधल्या जागा अंदाजाने भरायला पट्टीचा कोन हवा, आणि तो एन्कोडर दर मिलिसेकंदाला देतोच. मोटारीला सांगितलेला कोन वापरू नका, प्रत्यक्ष झालेला वापरा. सपाट पट्टीवर न घसरता लोळणाऱ्या भरीव गोळीचा प्रवेग `a = (5/7)*g*sin(θ)` असतो. कोन ३ अंश असेल तर तो सुमारे ०.३७ मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, म्हणजे स्थिर सोडलेली गोळी पहिल्या सेकंदात १८ सेंटिमीटर जाते. खाचेत किंवा दोन रुळांवर लोळणाऱ्या गोळीचा प्रवेग यापेक्षा कमी भरतो, म्हणून हे १८ सेंटिमीटर मोजपट्टीने पडताळून गुणक बदला. मग दर मिलिसेकंदाला एवढंच चालवायचं:

```
x += v*dt + 0.5*a*dt*dt
v += a*dt
```

फ्रेम आली की दुरुस्ती करायची, पण आताच्या `x` ची नव्हे. फ्रेम ६० मिलिसेकंदांपूर्वीची गोष्ट सांगते, आणि तेवढ्यात आपली गोळी आणखी १८ मिलिमीटर सरकलेली असते. म्हणून मागच्या १२८ मिलिसेकंदांचे `x`, `v` आणि कोन साठवून ठेवा. फ्रेमच्या क्षणापर्यंत मागे जा, तिथल्या अंदाजाची फ्रेमशी तुलना करून जागा आणि वेग दोन्ही थोडे दुरुस्त करा, आणि साठवलेले कोन पुन्हा वापरून आतापर्यंत पुढे या. किती पावलं मागे जायचं हे टाइमस्टॅम्पवरून काढा. दर फ्रेमला तेहतीस पावलं असं कोडमध्ये लिहून ठेवलं की हळूहळू घसरण सुरू होते.

आता चाचणी. मोटारीने पट्टी हलवा, पण गोळी थोपवणारा लूप जोडू नका. नोंद झालेल्या फ्रेमपैकी एकाआड एक फ्रेम लपवा आणि लपवलेल्या जागा अंदाजाशी ताडून पाहा. इथे एक फसवी जागा आहे. उशीर १० मिलिसेकंदांनी चुकला असेल आणि गोळी एकाच वेगाने जात असेल, तर फ्रेम आणि अंदाज अगदी जुळतात, तरी `x` मात्र खऱ्या जागेपासून ३ मिलिमीटर दूर असतो. चूक उघडी पडते ती कोन उलटवल्यावर, आणि तेव्हाही +३ वरून –३ अंशांवर गेल्यास पुढच्या फ्रेममध्ये फरक पाव मिलिमीटरच दिसतो. कॅमेऱ्याच्या गोंधळात तो सहज हरवतो. एलईडीची मोजणी आधी करायची ती यासाठी.

शेवटी फ्रेम हरवल्या तर काय करायचं ते लिहून ठेवा. बोटाचा धक्का एन्कोडरला कळत नाही, त्यामुळे धक्क्यानंतर टिपलेली फ्रेम हातात येईपर्यंत अंदाज जुन्याच वाटेने जात राहतो. सलग तीन फ्रेममध्ये गोळी दिसली नाही तर पट्टी आडवी करा आणि गोळी पुन्हा दिसेपर्यंत तशीच ठेवा.