फॉलोअप गेला, पण दुसऱ्याच कुलकर्णींना

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या जागेसाठी एका उमेदवाराची दुसरी फेरी गुरुवारी व्हिडिओ कॉलवर झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव स्क्रीनवर दिसलं होतं, ईमेल पत्ता मात्र मिळाला नव्हता. तेव्हा तिनं एचआरच्या पत्त्याकडे पाहिलं. तो ‘नाव.आडनाव’ असा होता, म्हणून त्याच साच्यात तिनं मुलाखतकार बाईंचा पत्ता तयार केला आणि त्याच संध्याकाळी फॉलोअप पाठवला.

मेल परत आली नाही, त्यामुळे ती पोचली असं तिनं धरलं. खरी गफलत इथेच आहे. मेल परत येते ती मुख्यतः पत्ता अस्तित्वातच नसेल तर. कुलकर्णी, जोशी, पाटील अशा आडनावांत मोठ्या कंपनीत एकाच नावाच्या दोन व्यक्ती सहज सापडतात. साधा पत्ता आधी रुजू झालेल्या व्यक्तीकडे असतो. नंतर आलेल्या व्यक्तीच्या पत्त्यात बहुधा एखादा आकडा किंवा वडिलांच्या नावाचं अक्षर घातलेलं असतं. ही मेल अकाउंट्समधल्या कुलकर्णींकडे गेली. त्यांना ती फसवणुकीची वाटली आणि त्यांनी ती तशीच ठेवली.

मेलमध्ये आभार होतेच, शिवाय अपेक्षित पगार नऊ लाख, दुसऱ्या कंपनीला बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे ही माहिती आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप होत्या. स्लिपवर पॅन, यूएएन आणि बँक खात्याचा नंबर छापलेला असतो. मुलाखत घेणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. पगार आणि तारखा एचआरशी बोलायच्या, आणि स्लिपसुद्धा एचआरनं मागितल्यावरच द्यायच्या.

योग्य पत्ता शोधायला अंदाजाची गरजच नव्हती. मुलाखतीचं कॅलेंडर निमंत्रण उघडलं की आयोजक आणि पाहुण्यांची यादी पत्त्यांसह दिसते. आयोजकानं यादी लपवली असेल, तर निमंत्रण ज्या एचआरकडून आलं त्यांच्याच जुन्या मेलला उत्तर द्यावं आणि ‘माझे आभार मॅडमपर्यंत पोचवाल का?’ असं विचारावं. त्यात कुणालाही वावगं वाटत नाही.

मेल परत खेचण्यावर फार भरवसा ठेवू नये. जीमेलमध्ये `Undo Send` ची मुदत सुरुवातीला 5 सेकंद असते, सेटिंगमध्ये ती 30 पर्यंत वाढवता येते. त्यानंतर काही करता येत नाही. आउटलुकचं ‘रिकॉल’ एकाच संस्थेतल्या पत्त्यांपुरतं आहे. बाहेरच्या उमेदवारानं कंपनीला पाठवलेल्या मेलवर ते चालत नाही.

इथे चूक कळायला मंगळवार उजाडला. अकाउंट्सच्या बाईंनी सोमवारी ती मेल एचआरकडे ढकलली आणि दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन आला. तोवर उमेदवारानं शांततेचा अर्थ नकार असा लावला होता आणि दुसरी ऑफर स्वीकारायचं उत्तर लिहायला घेतलं होतं. इकडे तिची निवड झाली होती, फक्त वरची मंजुरी अडकली होती. बुधवारची मुदत सोमवारपर्यंत एचआरला माहीतच नव्हती.

फोननंतर तिनं दोन मेल लिहिल्या. पहिली अकाउंट्समध्ये: ‘नमस्कार. गुरुवारची माझी मेल चुकून आपल्याकडे आली, क्षमस्व. त्यात माझी वैयक्तिक कागदपत्रं आहेत. कृपया ती मेल डिलीट करावी.’ एवढंच, खुलासे नाहीत. दुसरी एचआरला, नव्यानं लिहिलेली. जुनी मेल फॉरवर्ड केली की चुकीचा पत्ता, जुनी वेळ आणि सगळी जोडपत्रं पुन्हा समोर जातात. नव्या मेलमध्ये तारीख पहिल्याच ओळीत होती: ‘दुसऱ्या ऑफरला बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आपला निर्णय त्याआधी कळू शकेल का?’

एचआरनं दोन दिवस मागितले. तिनं दुसऱ्या कंपनीला फोन करून शुक्रवारपर्यंत मुदत वाढवून घेतली. असं एकदा मागितलं तर बहुतेक ठिकाणी चालतं, दुसऱ्यांदा मागितलं की संशय येतो. शुक्रवारी दुपारी ऑफर आली.

पण आकडा नऊ लाखांचा होता. पहिल्या फेरीआधी भरलेल्या अर्जात तिनं दहा लाख लिहिले होते, फॉलोअपमध्ये नम्रपणा म्हणून नऊ. सोमवारी फॉरवर्ड झालेली ती मेल एचआरच्या हातात होती, आणि दोन आकडे समोर असले की कमीचा धरला जातो. तिनं अर्जाचा दाखला देऊन पुन्हा बोलणी केली, साडेनऊवर जमलं.