धावण्याआधी ज्यूस आणि साखरेऐवजी गूळ: या चुका टाळा

परभणीत पहाटे साडेपाचला मैदानावर या. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं वॉर्मअप करत असतात आणि दर चौथ्या पोराच्या पिशवीत मोसंबीच्या रसाची बाटली असते. ‘सर, एनर्जीसाठी.’ हे उत्तर मी बारा वर्षं ऐकतोय, आणि बारा वर्षं त्याच चुकीपायी पोरं तिसऱ्या राउंडला बरगडी धरून बसताना पाहतोय.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी आमची १६०० मीटरची ट्रायल असते, ४०० मीटरचे चार राउंड. एका पोराची वेळ साडेपाच मिनिटांच्या आत यायला लागली होती. त्या दिवशी त्याला ती आणखी खाली आणायची होती, म्हणून घरून अर्धा लिटर रस काढून आणला होता. जालन्याकडची रसाळ मोसंबी, सात-आठ पिळलेली, वर दोन चमचे मध. धावायच्या वीस मिनिटं आधी त्यानं बाटली रिकामी केली. पहिले दोन राउंड झकास गेले. तिसऱ्याच्या वळणावर त्याचा उजवा हात बरगडीखाली गेला, पाऊल आखडलं आणि तो ट्रॅकच्या कडेला उकिडवा बसला. ‘पोटात कळ मारायलीय सर.’ थोड्या वेळानं आंबट पाणी घशाशी आलं. मांड्या ठीक होत्या, दमही उरला होता. पोटानं घात केला.

आता हिशेब बघा. मोसंबीच्या अर्धा लिटर रसात ४० ग्रॅमच्या आसपास साखर असते. दोन चमचे मधाची अकरा-बारा ग्रॅम धरा. म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर अर्ध्या लिटरात, दहा टक्क्यांच्या घरातलं घट्ट पाणी. धावपटूंसाठीच्या पेयात साखर सहा ते आठ टक्के ठेवतात, ती उगाच नाही. त्याहून घट्ट पाणी पोटातून हळू खाली सरकतं आणि आतड्यात गेल्यावर शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढतं. त्यात रसामधाची बरीच साखर फ्रुक्टोज असते आणि ती आतड्यात सावकाश शोषली जाते. वर प्रत्येक पावलाला भरलेलं पोट हिंदकळतं. मग कळ येणार नाही तर काय होईल?

आणि मुळात पाच-सहा मिनिटांच्या धावेला ही साखर लागतच नाही. रात्री भाकरी, वरण-भात नीट जेवलेल्या पोराच्या स्नायूंत १६०० मीटरला पुरून उरेल इतका साठा असतो. सलग तासाभराहून कमी व्यायाम असेल तर मधे गोड घ्यायचं काही कारण नाही, पाणी पुरतं.

पुढच्या रविवारी त्याच पोराला तेच बूट, तोच वॉर्मअप, बदल फक्त पोटाचा. तासभर आधी एक केळं, नंतर दोन-चार घोट पाणी. चारही राउंड नीट झाले. कळ कशामुळे येते ते शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आमची पोरं एकाच दिवशी बूट बदलतात, ज्यूस चालू करतात आणि मित्राची पावडरही घेतात. मग काय बाधलं ते कुणाला कळणार? ओळख सोपी आहे. पोटात डुचमळतंय, ढेकर आंबट येतेय, दुखणं बरगडीखाली एका जागी टोचतंय, तर आधी बाटलीवर संशय घ्या. पोटऱ्या आणि मांड्या जड झाल्या असतील तर तो थकवा, तो वेगळा विषय.

मोसंबी खायचीच, पण धावून झाल्यावर आणि फोडून. मी स्वतः दोन घेतो, जाड साल काढतो, फोडीवरचा पांढरा पापुद्रा तसाच ठेवतो आणि मैदानाच्या कडेला बसून चावून खातो. दोन मोसंब्यांना सात-आठ मिनिटं लागतात आणि तिसरी खावीशी वाटत नाही. आठ मोसंब्यांचा रस मात्र अर्ध्या मिनिटात पोटात जातो आणि पोट भरणारा चोथा गाळणीत राहतो. फळ आणि रस यांतला फरक त्या गाळणीतच आहे. उसाच्या रसालाही हेच लागू, त्यात साखर मोसंबीहून जास्तच.

दुसरी चूक थोरामोठ्यांची. आमच्या शेजारच्या मावशी रोज चार किलोमीटर चालतात. त्यांनी साखर बंद केली, चार महिने झाले, वजन तसूभर हललं नाही. ‘साखरेला हात नाही लावला रे बाबा, सगळा गूळच.’ मी त्यांच्या ओट्याशी बसून दिवस लिहून काढला. सकाळी लिंबूपाण्यात दोन चमचे मध. दिवसात तीन कप गुळाचा चहा. त्या कपात टाकायच्या तो खडा किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला तर १५ ग्रॅम भरला. जेवणानंतर तोंडात टाकायचा खडा २० ग्रॅमचा. म्हणजे ६५ ग्रॅम गूळ आणि वर मध, साखरेत मोजलं तर पासष्ट ग्रॅमच्या पुढे. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० ग्रॅम, आणि त्या मोजणीत मध आणि फळांचा रसही धरलेला आहे. मावशींच्या चालण्यात दोनेकशे कॅलरी जातात. या गोडाच्या पावणेतीनशेच्या वर होतात.

गूळ म्हणजे बहुतांश साखरच, थोडी खनिजं आणि उसाची चव सोबत. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. मधात ३०० च्या आसपास, कारण त्यात पाचवा हिस्सा पाणी. पण मधाचा चमचा जड असतो, सात ग्रॅमचा, साखरेचा सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा. म्हणून चमच्याला चमचा धरला तर मध हलका पडत नाही. गुळातल्या लोहाचं फार कौतुक होतं. १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं आणि बाईला दिवसाला २९ लागतं. रक्त वाढवायला गूळ वाढवणं म्हणजे साखरच वाढवणं. चवीसाठी गूळ मलाही आवडतो. मी १०० ग्रॅमच्या खड्याचे दहा तुकडे करून डबीत ठेवतो आणि दिवसाला दोन काढतो. मोजणं जमत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

मग गोड कधी कामाचं? दोन-तीन तासांची सायकल किंवा लांब धाव असेल तेव्हा. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर लागते. ती गुळाची, मधाची की साध्या साखरेची, याला पायांच्या लेखी फारसा फरक नाही. अर्ध्या लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, चिमूटभर मीठ, वर लिंबू, अशी बाटली मी नेतो. रस न्यायचाच तर निम्मं पाणी घालून, आणि आधी सरावात पिऊन बघून, भरतीच्या दिवशी पहिल्यांदा नाही.

‘ज्यूस’ लिहिलेल्या पाकिटाच्या मागचे घटक वाचा, पाणी आणि साखर आधी येत असेल तर ते सरबत आहे.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, थेंबभरही नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन चालणाऱ्यांनी मात्र खिशात साखर ठेवावी. चालताना हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून किंवा अर्धा ग्लास रस लगेच घ्यायचा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अशा वेळी अख्खी मोसंबी सोलत बसायचं नाही.