वायूंच्या मिश्रणाचं गणित: आधी एककं, मग सूत्र

फोटोतून आलेल्या एका गणितात 5.0 लिटरच्या बंद भांड्यात 5.6 ग्रॅम नायट्रोजन आणि 3.2 ग्रॅम ऑक्सिजन होता. तापमान 27 °C. एकूण दाब आणि प्रत्येक वायूचा आंशिक दाब काढायचा होता. अंधुक फोटोत ° हे चिन्ह शून्यासारखं दिसतं आणि 27 चं 270 होतं, म्हणून आकडे मोठे करून वाचले.

सूत्राला हात लावण्याआधी सगळं बदलून घेतलं: 27 + 273 = 300 K, 5.0 लिटर = 0.005 m³, नायट्रोजन 5.6/28 = 0.20 मोल, ऑक्सिजन 3.2/32 = 0.10 मोल.

```
P = nRT/V
  = 0.30 × 8.314 × 300 / 0.005
  ≈ 149700 Pa
```

लिटर तसेच ठेवले तर 149.7 येतं. ते किलोपास्कल असतं, पण मुलं पुढे Pa लिहितात आणि उत्तर हजारपट चुकतं. बंद भांड्यातला दाब 150 Pa, म्हणजे जवळजवळ निर्वात! तिथेच शंका यायला हवी.

आंशिक दाब मोलच्या प्रमाणात वाटायचा: नायट्रोजन 99.8 kPa, ऑक्सिजन 49.9 kPa. ग्रॅमच्या प्रमाणात वाटला तर नायट्रोजनला 95.3 येतं. फरक थोडा, बेरीजही जुळते, त्यामुळे ही चूक सहज निसटते. म्हणून प्रत्येक वायूचा दाब त्याच्या स्वतःच्या मोलवरून वेगळा काढून ताडून पाहिला.