स्वीट कॉर्नला वरखत आणि पाणी कधी? तापमानाची बेरीज करून कसे ठरवावे

मुरबाड-शहापूरकडे स्वीट कॉर्नला युरियाचा दुसरा हप्ता पेरणीनंतर तिसाव्या दिवशी द्यायची पद्धत आहे. पण मका कॅलेंडर पाहून वाढत नाही, मिळालेल्या उष्णतेनुसार वाढतो. ही उष्णता मोजण्याचे माप म्हणजे ग्रोइंग डिग्री डे, थोडक्यात जीडीडी.

आधी कमाल-किमान तापमापक घ्या आणि शेतातच, सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा. पत्र्याखाली नको. मुंबईच्या वेधशाळेचे आकडेही इथे चालत नाहीत, कारण समुद्रापासून दूर मुरबाडची रात्र जास्त गार होते. किमान तापमानात ४ अंशांचा फरक पडला तर रोजचे २ जीडीडी चुकतात, आणि २५ दिवसांत ती चूक ५० वर जाते.

रोजचे गणित असे: कमाल आणि किमान यांची बेरीज करा, निम्मी करा, त्यातून १० वजा करा. १० अंशांखाली मका जवळजवळ वाढत नाही आणि ३० च्या वर वेग वाढत नाही. म्हणून कमाल ३० हून जास्त असेल तर ३०च धरा, किमान १० हून कमी असेल तर १०. डिसेंबरात कमाल ३२, किमान १६ असेल तर ३० अधिक १६ म्हणजे ४६, निम्मे २३, वजा १०: त्या दिवसाचे १३. वहीत रोज बेरीज पुढे न्या. कोरड्यात पेरले असेल तर मोजणी पहिल्या पाण्यापासून सुरू करा.

साधारण ३०० जीडीडीला मका सहा पानांवर येतो. तोवर शेंडा जमिनीखालीच असतो. त्यानंतर खोड झपाट्याने वर निघते आणि नत्राची भूक वाढते, म्हणून वरखत इथेच द्यायचे आणि लगेच हलके पाणी. रोज १३ मिळत असतील तर हा टप्पा २३ दिवसांत येतो. ऑक्टोबरात ३४ आणि २४ तापमानाला रोज १७ मिळतात, म्हणजे १८ दिवसांतच. तिथे तिसाव्या दिवसाची वाट पाहिली तर बेरीज ५०० च्या पुढे गेलेली असते आणि हप्ता उशिरा पडतो.

वाणागणिक आकडा हलतो, म्हणून २८० झाले की शेतात जाऊन पाने मोजा. पान खोडाला मिळते तिथे फिकट पट्टा दिसतो. तो स्पष्ट दिसणारीच पाने धरायची. गुंडाळीतली कोवळी पाने सोडून द्या.

पाण्यासाठी तुरा आणि स्त्रीकेसर यांचा काळ सर्वांत नाजूक. तेव्हा ताण पडला तर कणसाच्या टोकाला दाणे भरत नाहीत. यंदा तुरा दिसेल त्या दिवशीची बेरीज वहीत लिहा; पुढच्या वेळी त्याच वाणाला त्याच्या १०० आधीपासून ओल तपासायला लागा. किती पाणी द्यायचे ते मात्र जीडीडी सांगत नाही. हलक्या माळरानात आणि भारी खाचरात ते वेगळे असणार, म्हणून वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला नाही तर त्याच दिवशी पाणी सोडा.