गाड्यावरच्या फळांच्या फोटोत काय बघायचं?

मे महिन्यात नागपुरात बर्डीच्या बाजारातून कोणीतरी टरबुजाच्या प्लेटचा फोटो पाठवतं आणि विचारतं, खाऊ का? फोटोत जंतू दिसत नाहीत, त्यामुळे "बिनधास्त खा" असं फोटोवरून सांगताच येत नाही, पण "नको खाऊ" मात्र बरेचदा सांगता येतं.

आधी रंग सोडून द्या. गाड्यावर लाल ताडपत्री असली की शिळं टरबूजही लालभडक दिसतं, विश्वास नसेल तर त्याच फोटोतली पांढरी कागदी प्लेट बघा, तीपण गुलाबी दिसेल.

मग झूम करून फोडींच्या कडा बघा. ताज्या फोडीची कड धारदार असते, बराच वेळ झाला की कोपरे गोल होतात, बिया सुटतात आणि खाली रस साचतो. वरची चकाकी धरू नका, ती पाणी शिंपडूनही येते. कापलेलं फळ उन्हाळ्यात बाहेर तासभरच ठीक (३२ डिग्रीच्या वर हाच नियम आहे, आपल्याकडे तर ४४-४५ जातं), आणि टरबूज, पपईत आंबटपणा कमी म्हणून जंतू लवकर वाढतात.

आता बर्फ, आणि खरी गडबड इथेच आहे. फोडींवर बर्फ दिसला की लोकांना वाटतं थंड आहे म्हणजे चांगलं आहे, पण गोठवल्याने टायफॉईडचे किंवा काविळीचे जंतू हमखास मरत नाहीत, बर्फ वितळला की तेच पाणी फोडींमध्ये मुरतं. पोत्यात गुंडाळलेली लादी, तिच्यावर चिकटलेला भुसा, बर्फ फोडायचा टोचा तिथेच जमिनीवर, असं दिसलं तर विषय संपला. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आहे, त्यामुळे निळसर बर्फ दिसला तर सरळ नाही म्हणा. पण पांढरा म्हणजे खायचाच असं समजू नका, नियम सगळेच पाळतात थोडेच! मधे भोक असलेले पारदर्शक तुकडे मशीनचे असतात, ते त्यातल्या त्यात बरे, फक्त कोणत्या पाण्याचे ते फोटोत कळत नाही.

समजा दुपारी चारचा फोटो आहे. तीस-चाळीस प्लेट आधीच भरून ठेवलेल्या, वर पातळ पन्नी, पन्नीवर बर्फाचा चुरा, आणि खालच्या प्लेटमध्ये गुलाबी पाणी. माश्या एकही नाही, गाडा चकाचक. तरी मी नको म्हणेन, कारण चारच्या उन्हात एवढ्या प्लेट भरून पडल्यात म्हणजे बऱ्याच आधीच्या कापल्यात आणि बर्फाचं पाणी आत गेलंय.

शंका असेल तर आणखी एक फोटो मागा, गाड्याच्या मागच्या बाजूचा, जिथे चाकू आणि ग्लास धुवायची बादली असते. पाणी गढूळ दिसलं तर बिनबर्फाचा रसही नको, कारण ग्लास त्यातच बुडवतात. त्यापेक्षा अख्खं संत्रं घ्या आणि आपल्या हाताने सोला, हात तेवढे धुऊन.