दीड इंच कापड वाफेवर जिरवताना: कोटाच्या बाहीचा अनुभव

मुंढा साडेएकोणीस इंच आणि बाहीचा माथा एकवीस इंच. कोटाच्या कामाला नवीन आलेला कारागीर हे माप पाहून हमखास विचारतो, "मास्तर, कटिंग चुकलं का?" चुकलेलं नसतं. खांद्याचं टोक गोल असतं आणि त्याच्यावरून बाही उतरताना मुंढ्याच्या शिवणीपेक्षा खाली जास्त कापड लागतं. म्हणून माथा मोठाच कापतात. हे जास्तीचं दीड इंच, ज्याला आम्ही ईज म्हणतो, ते चुण्या न पडता मुंढ्यात बसलं पाहिजे. हे काम मशीनवर होत नाही. ते हॅम नावाच्या उशीवर वाफेने होतं, आणि मशीनवर फक्त पक्कं होतं.

लोकर हे ऐकते, कारण तिचा तंतू केसासारखा केराटिनचा असतो. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की आतले हायड्रोजन बंध सुटतात, तंतू मऊ पडतो आणि हाताने द्याल तो आकार घेतो. थंड होऊन कोरडा झाला की बंध पुन्हा जुळतात आणि तोच आकार टिकतो. म्हणजे वाफ जितकी महत्त्वाची, तितकंच थंड होणं. मी ज्या मास्तरांच्या हाताखाली शिकले, ते वाफ मारल्यावर माथ्याला हात लावू द्यायचे नाहीत. "वाळू दे गं आधी, मग बघ," एवढंच म्हणायचे. गरम असताना उचललं की आकार हातातच निसटतो.

आता साधनं. हॅम म्हणजे लाकडाचा भुसा ठासून भरलेली, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती कडक उशी. एका बाजूला जाड सुती कापड, दुसऱ्या बाजूला लोकरीचं. लोकरीचं कापड इस्त्री करताना लोकरीची बाजू वर ठेवायची. ती वाफ धरून ठेवते आणि कापडाची लव चेपू देत नाही. स्लीव्ह रोल तसाच भरलेला, पण लांबट लोडासारखा, बाहीच्या नळीत जाईल एवढा. दोन्ही इतके घट्ट हवेत की मुठीने दाबल्यावर खळगा पडू नये. सैल हॅमवर इस्त्री खाली रुतते आणि गोल जागी सपाट ठसा उमटतो.

काम सुरू होतं रोलवर. बाहीच्या उभ्या शिवणी आधी उघडून दाबायच्या असतात. सपाट टेबलावर हे केलं तर शिवणीची माया खालून वरच्या कापडावर ठसा उमटवते, आणि नवीन माणसाच्या कोटावर चकाकी बहुतेक वेळा याच दोन समांतर रेषांवर दिसते. रोलच्या गोलाईवर फक्त शिवणीची मधली रेष टेकते आणि मायेच्या कडा दोन्ही बाजूंना खाली उतरतात. इस्त्रीचं टोक त्या रेषेवरच चालवायचं. ठसा पडायला जागाच उरत नाही.

मग माथा. पुढच्या खाचेपासून मागच्या खाचेपर्यंत मायेच्या आत दोन ओळी बारीक धावदोरा घालायचा, एक शिवणरेषेच्या अगदी लगत आणि दुसरी तिच्याबाहेर पाव इंचावर. काखेखालच्या भागात ईज नको. माथ्याच्या अगदी वर, खांद्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचापर्यंतही ईज जवळपास नको, कारण तिथे कापडाचा धागा आडवा येतो आणि तो आक्रसायला नाखूश असतो. उतरत्या बाजूंना कापड तिरपं पडतं, तिथे ते सहज आत सरकतं. म्हणून दीड इंचातली पाऊण इंचापेक्षा थोडी कमी ईज पुढे आणि थोडी जास्त मागे. हात पुढे जाताना कापड मागच्या बाजूलाच लागतं.

दोरे ओढून माथा मुंढ्याच्या मापाला आणायचा आणि बाही सुलटी ठेवून हॅमच्या गोल टोकावर टोपीसारखी बसवायची. कडेला बारीक लहरी दिसतील. लहरी चालतात, घडी पडलेली चुणी मात्र चालत नाही. ती दिसली तर दोरा सैल करून पुन्हा वाटून घ्यायचं, कारण वाफ लहर जिरवते, पण चुणी पक्की करते.

इस्त्री कापडापासून अर्धा इंच वर धरायची आणि कडेवर वाफ सोडायची. लहरी बसताना डोळ्यांना दिसतात: कापड आधी किंचित फुगतं आणि मग कड आत घेतं. त्यानंतर ओलसर प्रेसचं कापड ठेवून इस्त्रीच्या टोकाने फक्त मायेवर दाबायचं, बाहेरच्या कडेकडून शिवणरेषेकडे. शिवणरेषेच्या पुढे अगदी थोडं, पाव इंचभर. त्याच्या खाली इस्त्री गेली की बाहीला हवी असलेली फुगीर गोलाईच दाबली जाते आणि खांदा पडल्यासारखा दिसतो. दाबायचं म्हणजे ठेवायचं आणि उचलायचं; इस्त्री सरकवायची नाही.

चकाकीचं कारण इथेच आहे. गरम लोखंड ओल्या लोकरीवर घासलं की तंतूंची लव एका दिशेने चेपते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि उजेड आरशासारखा परततो. म्हणून सुलट बाजूला प्रेसच्या कापडाशिवाय इस्त्री कधीच टेकू द्यायची नाही. माझं आवडतं कापड म्हणजे त्याच लोकरीचा उरलेला तुकडा. लव लवेवर टेकते. तो नसेल तर धुतलेलं, खळ गेलेलं मांजरपाट. तपासताना बाही खिडकीसमोर तिरपी धरा, समोरून पाहिल्यावर चकाकी दिसत नाही. गडद निळ्या आणि काळ्या कापडावर हे प्रत्येक दाबानंतर करा. नुकती आलेली चकाकी वरून वाफ देऊन, कापड ओलसर असतानाच मऊ ब्रशने लव उभी केली की बहुधा जाते.

कापडाप्रमाणे वागणं बदलतं. ट्वीड आणि फ्लॅनेल उदार असतात, दीड इंच सहज पचवतात. घट्ट विणीची गॅबर्डीन ईज घेत नाही आणि चकाकते मात्र लगेच. तिच्यासाठी मी माथा आधीच कमी करून घेते. वाफ आणि घासणं दोन्ही अति झालं तर लोकर जाड, ताठ आणि नमद्यासारखी होते. तिथून परत येता येत नाही, म्हणून दोन-तीनदा वाफ देऊनही लहर बसली नाही तर थांबायचं आणि ईज कमी करायची.

आपल्याकडे सुटासाठी येणारं कापड बऱ्याचदा टेरीवूल, म्हणजे लोकर आणि पॉलिस्टरचं मिश्रण असतं. दुकानदाराच्या शब्दावर जाण्यापेक्षा एक धागा काढून जाळून पाहा. शुद्ध लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी उरतो. पॉलिस्टरचा अंश जितका जास्त, तितकं कापड कमी आक्रसतं. त्यावर वाफेची मात्रा वाढवून उपयोग नाही, उलट तापमान वाढलं तर पॉलिस्टरचा तंतूच चेपून बसतो आणि ती चकाकी ब्रशने निघत नाही. मी अशा कापडाचा सहा इंचांचा तुकडा घेते, त्याला माथ्यासारखी गोल कड देते, धावदोरा घालून हॅमवर वाफवते आणि किती जिरलं ते मोजते. जेवढं जिरतं तेवढीच ईज ठेवून माथा पुन्हा आखते, बहुतेक वेळा इंचाच्या आतच, आणि मगच बाही कापते.